शब्दांत छापलेल्या फोन नंबरचे आकडे कसे काढावेत?

चाफेकळी (न्यू जर्सी)

नमस्कार. आम्ही अलीकडेच न्यू जर्सीत राहायला आलो आहोत. येथे ट्रकच्या पाठीवर, बसथांब्यांवर आणि रेडिओवरील जाहिरातींत फोन नंबर पुष्कळदा आकड्यांत न देता 1-800 आणि त्यापुढे एखादा इंग्रजी शब्द अशा स्वरूपात देतात. मोबाइलच्या पडद्यावर आकड्यांखाली बारीक अक्षरे असतात हे मला ठाऊक आहे. परंतु मी बहुतेक फोन लॅपटॉपवरील एका प्रोग्रॅममधून करते आणि त्यातील बटणांवर नुसते आकडेच आहेत.

आता एका कंपनीकडून आलेल्या कागदावर 1-800 नंतर आठ अक्षरांचा शब्द आहे. सगळी अक्षरे मोठ्या लिपीत असल्यामुळे मधले गोल चिन्ह O आहे की शून्य, हे मला उमगत नाही. शिवाय येथील नंबरात 800 नंतर सातच आकडे असतात असे ऐकले आहे, मग आठव्या अक्षराचे काय करायचे? हा शब्द हाताने आकड्यांत कसा बदलायचा, हे कोणी नीट सांगेल का?

हेमंत_ठाणे

ताई, हे अगदी सोपे आहे. आपल्या जुन्या बटणांच्या मोबाइलवर आपण एसएमएस लिहायचो, तेच हे. 2 वर ABC, 3 वर DEF असे क्रमाने जायचे. A हवा असेल तर 2 एकदा, B साठी दोनदा आणि C साठी तीनदा दाबायचा. गोल चिन्ह असेल तेथे शून्य दाबा, कारण फोन नंबरात अक्षर कुठून येणार?

दूरभाषी (डॅलस)

हेमंतराव, बटणांवरील अक्षरांची वाटणी आपण बरोबर सांगितली आहे, मात्र पुढच्या दोन्ही गोष्टी येथे लागू होत नाहीत. एसएमएस लिहिताना यंत्राला नेमके कोणते अक्षर हवे ते कळावे लागते, म्हणून एकच बटण दोनदा-तीनदा दाबावे लागे. फोन लावताना एक्स्चेंजला अक्षराशी काही देणेघेणे नसते, त्याला फक्त आकडा हवा असतो. त्यामुळे अक्षर बटणावर पहिले असो वा तिसरे, ते बटण एकदाच दाबायचे.

वाटणी अशी आहे: ABC 2 वर, DEF 3 वर, GHI 4 वर, JKL 5 वर, MNO 6 वर, PQRS 7 वर, TUV 8 वर आणि WXYZ 9 वर. 1 आणि 0 यांवर एकही अक्षर नसते. चाफेकळी ताईंच्या लॅपटॉपवर अक्षरे दिसत नसली, तरी ही ओळ कागदावर लिहून जवळ ठेवली की काम भागते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. कीबोर्डच्या उजव्या बाजूस आकड्यांचा जो चौकोन असतो, त्यात 7-8-9 वरच्या ओळीत असतात आणि फोनवर 1-2-3 वर असतात. त्यामुळे फोनवरील जागेच्या सवयीने त्या चौकोनावर बोटे चालवली, तर नंबर हमखास चुकतो.

येथील सर्वांना माहीत असलेला एक नंबर सोडवून दाखवतो. 1-800-FLOWERS हा फुले पाठवणाऱ्या कंपनीचा नंबर आहे. F म्हणजे 3, L म्हणजे 5, O म्हणजे 6, W म्हणजे 9, E म्हणजे 3, R म्हणजे 7 आणि S म्हणजेही 7. सगळे जोडले की 1-800-356-9377 मिळतो. सुरुवातीचा 1 धरून एकूण अकरा आकडे झाले पाहिजेत, ही पहिली पडताळणी. अकरापेक्षा कमी भरले तर एखादे अक्षर सुटले आहे. एसएमएसच्या पद्धतीने नुसत्या F, L आणि O यांचेच 333 555 666 असे नऊ आकडे होतात. चूक अशी चटकन लक्षात येते.

जाहिरातीतील आडव्या रेघेला अर्थ नसतो. ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी शब्दांच्या मध्ये टाकतात, आकड्यांच्या नव्हे. 1-800-GO-FEDEX मध्ये रेघ दोन अक्षरांनंतर आहे, पण आकड्यांत तोच नंबर 1-800-463-3339 असा तीन आणि चार करून लिहितात. रेघ कुठे आहे हे पाहत बसू नये, अक्षरे ओळीने घेत जावीत.

रानवारा

फोन कंपन्या असे नंबर विकतात हे खरे आहे. मला आमच्या कंपनीकडून शेवटी एकसारखे आकडे असलेला व्हीआयपी नंबर घ्या म्हणून सारखे संदेश येतात आणि त्याचे चांगले पैसे मागतात. तसला नंबर घेतल्याने काही लाभ होतो का? माझ्या गाडीचा नंबरही मी असाच निवडला होता.

खडूस_काका (पुणे)

रानवारा, आपला प्रश्न आवडीच्या आकड्यांचा आहे आणि येथे चर्चा शब्दाचे आकडे कसे करायचे याची आहे. त्यासाठी वेगळा धागा काढावा, तेथे पुष्कळ जण आपापले अनुभव सांगतील.

चाफेकळी (न्यू जर्सी)

दूरभाषी, मनापासून आभार. आपल्या ओळीप्रमाणे मी आठही अक्षरे बदलली, परंतु 1-800 धरून बारा आकडे होतात आणि लॅपटॉपवरील प्रोग्रॅम हा नंबर अवैध आहे असे सांगून फोन लावतच नाही. यजमानांच्या मोबाइलवर मात्र तेच बारा आकडे दाबून फोन लागला. असे का व्हावे?

दूरभाषी (डॅलस)

आठवे अक्षर फक्त वाचण्यासाठी असते, फोन लावण्यासाठी नाही. अमेरिकेत आणि कॅनडात 1 नंतर दहा आकड्यांचा नंबर ठरलेला आहे. जुन्या घरगुती फोनवर आपण एकेक आकडा दाबत असू तसतसा तो एक्स्चेंजमध्ये पोहोचायचा. अकरावा आकडा आला की एक्स्चेंज आणखी कशाचीही वाट न पाहता फोन जोडू लागायचे आणि त्यानंतर दाबलेल्या आकड्याची दखलच घ्यायचे नाही. जाहिरातदारांनी याचाच लाभ घेतला. कॉन्टॅक्ट लेन्स विकणारी 1-800-CONTACTS ही कंपनी पाहा. CONTACTS मध्ये आठ अक्षरे आहेत, पण खरा नंबर 1-800-266-8228 एवढाच आहे. शेवटचा S म्हणजे 7 नंबरात येतच नाही. गाद्या विकणाऱ्या एका कंपनीने तर 1-800-MATTRES असा नंबर जाहीर करून शेवटचा S गाळा असे जाहिरातीतच गमतीने सांगितले होते.

मोबाइलवर सगळे आकडे आधी लिहून मग हिरवे बटण दाबतात, म्हणजे पूर्ण नंबर एकदम पाठवला जातो. येथील मोबाइल कंपन्या जादा आकडा बहुधा सोडून देतात, म्हणून आपल्या यजमानांचा फोन लागला. लॅपटॉपवरील प्रोग्रॅम किंवा कार्यालयातील अंतर्गत एक्स्चेंज मात्र फोन लावण्यापूर्वी लांबी तपासू शकते आणि बारा आकडे दिसले की नाकारते. उपाय एकच आहे: 1-800 नंतरची पहिली सात अक्षरे घ्यावीत आणि उरलेली सोडून द्यावीत.

घरगुती फोनवरही जादा अक्षर न दाबणेच बरे. पलीकडे यंत्राने लगेच फोन उचलला आणि आपण तेव्हा आठवे बटण दाबत असलो, तर त्या यंत्राला ते पर्यायाची निवड केल्यासारखे वाटू शकते आणि आपण नको त्या विभागात जाऊन पडतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर कारण लवकर सुचत नाही.

खडूस_काका (पुणे)

गोल चिन्हाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हेमंत शून्य दाबा म्हणतात, दूरभाषींनी FLOWERS मध्ये 6 धरला. चाफेकळींनी दोन्ही लावून पाहावेत, ज्याने फोन लागेल तो खरा, असे माझे मत आहे.

अनिकेत_को (शिकागो)

काका, येथे नेमकी हीच युक्ती धोक्याची आहे, कारण दोन्ही लागू शकतात. यावर अमेरिकेत एक प्रसिद्ध खटला झाला आहे. माझा व्यवसाय कायद्याशी संबंधित असल्यामुळे तो मी वाचला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हॉलिडे इन या हॉटेलसाखळीचा आरक्षणाचा नंबर 1-800-HOLIDAY असा होता. अक्षरांप्रमाणे H 4, O 6, L 5, I 4, D 3, A 2, Y 9, म्हणजे 1-800-465-4329. बरेच लोक मात्र दुसऱ्या अक्षराला शून्य समजून 1-800-405-4329 फिरवत असत. हे हेरून दुसऱ्या एका मंडळीने तो 405 चा नंबर स्वतःकडे घेतला आणि तेथे हॉटेल-आरक्षणाचीच सेवा सुरू केली. त्या मंडळीने कधीही HOLIDAY या शब्दाची जाहिरात केली नाही. चुकून येणारे फोन घ्यायचे, आपण हॉलिडे इन नाही असा संदेश सुरुवातीला ऐकवायचा आणि मग आरक्षण करून देऊन हॉटेलांकडून कमिशन मिळवायचे, एवढाच त्यांचा धंदा होता.

हॉलिडे इनने व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली दावा लावला. खालच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने मनाई-आदेश झाला, परंतु १९९६ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. अपील न्यायालयाचा विचार असा होता की, ग्राहकाचा गोंधळ प्रतिवादीने निर्माण केलेला नाही. O आणि शून्य यांतला घोळ आधीपासूनच होता आणि प्रतिवादीने केवळ त्याचा लाभ उठवला. हॉलिडे इनचे चिन्ह त्यांनी कुठेही वापरलेले नव्हते, आणि नुसते 405-4329 हे आकडे म्हणजे कोणाचे व्यापारचिन्ह होत नाही. तेव्हापासून शहाण्या कंपन्या आपल्या शब्दाचा नंबर घेतानाच लोक जो चुकीचा फिरवतील तोही घेऊन ठेवतात.

तेव्हा चाफेकळी ताई, शब्दातील गोल चिन्ह नेहमी O समजावे आणि 6 दाबावा. शून्याच्या बटणावर अक्षरच नसते, त्यामुळे ज्याने शब्दासाठी नंबर निवडला आहे त्याच्या मनात शब्दाच्या पोटातले शून्य येण्याचे कारण नाही. हीच गोष्ट I ची. ते 4 आहे, 1 नाही. छोट्या लिपीत छापलेले l उभ्या रेघेसारखे दिसते, ते 5 आहे.

मीनल_केळकर

मला हा निकाल पटत नाही. ज्यांनी मुद्दाम चुकीचा नंबर शोधून घेतला, त्यांनी दुसऱ्याने कमावलेल्या नावाचा फायदाच उपटला ना? सुरुवातीला संदेश ऐकवला म्हणून काय झाले, थकलेला प्रवासी तो संदेश नीट ऐकून फोन ठेवेल, असे कोण मानेल?

अनिकेत_को (शिकागो)

आपण म्हणता तसे अनेक वकिलांनाही वाटते. खालच्या न्यायाधीशांनीही साधारण याच बाजूने विचार केला होता. अपील न्यायालयाने मात्र कायद्याच्या शब्दांकडे पाहिले: त्या कायद्यात चिन्हाचा 'वापर' लागतो आणि येथे वापर नव्हता. ज्या खटल्यांत प्रतिवादीने स्वतः तो शब्द जाहिरातीत छापला होता, त्यांत निकाल उलट लागल्याचीही उदाहरणे आहेत. त्यामुळे हा प्रश्न कायमचा मिटला आहे असे मी म्हणणार नाही.

लेस्टरकर

हेमंत यांना मी थोडा आधार देतो. आमच्या सासऱ्यांकडे इंग्लंडातील जुना चकतीचा काळा फोन आहे. त्यावर O हे अक्षर खरोखरच 0 च्या छिद्रात आहे आणि 6 वर केवळ M आणि N आहेत. तेव्हा O म्हणजे शून्य, हे अगदीच चूक कसे म्हणता येईल?

दूरभाषी (डॅलस)

आपण म्हणता ते खरे आहे. ब्रिटनच्या जुन्या फोनांवर O शून्यावर होता. ही अक्षरे जाहिरातीसाठी मुळात आलेलीच नव्हती. मोठ्या शहरांत एक्स्चेंजच्या नावाची पहिली दोन किंवा तीन अक्षरे फिरवून मग आकडे फिरवायची पद्धत होती, आणि प्रत्येक देशाने अक्षरे आपापल्या सोयीने बसवली. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या चकतीवर तर प्रत्येक आकड्याला एकच अक्षर होते आणि तेही सलग क्रमाने नव्हते. अमेरिकन चकतीवर Q आणि Z नव्हतेच, म्हणून जुन्या फोनवर 7 खाली PRS आणि 9 खाली WXY एवढेच दिसते. काही यंत्रांवर ही दोन अक्षरे 1 वर छापलेली मी पाहिली आहेत.

आज मात्र हा प्रश्न उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय मानकाने PQRS आणि WXYZ अशी वाटणी ठरवून दिली आहे आणि ऑस्ट्रेलियातील व ब्रिटनमधील आजचे मोबाइलही तीच वापरतात. फोन जुना असेल आणि शब्दात Q किंवा Z असेल, तर बटणाकडे न पाहता Q साठी 7 आणि Z साठी 9 दाबावा. सासऱ्यांच्या फोनवरून मात्र अमेरिकन शब्दनंबर अक्षरे पाहून फिरवू नका. O असलेला प्रत्येक शब्द चुकेल.

कोडे_सोडवा

रोज असे नंबर बदलावे लागत असतील तर लिनक्सवर किंवा मॅकवर ही एक ओळ पुरे आहे:

```
echo "1-800-FLOWERS" | tr 'A-Z' '22233344455566677778889999'
```

उत्तर `1-800-3569377` असे येते. ही ओळ छोट्या लिपीतील अक्षरांना हात लावत नाही, तेव्हा शब्द मोठ्या लिपीत लिहावा. कोणी O ऐवजी शून्य टाइप केले तर ती शून्य तसेच ठेवते आणि काही तक्रार करत नाही. जादा अक्षरही ती कापत नाही, ते काम माणसानेच करायचे आहे.

उलट दिशेने, म्हणजे आकड्यांवरून शब्द शोधणे, हे सरळ नाही. 356-9377 या सात आकड्यांतील 9 आणि दोन 7 यांवर चार-चार अक्षरे आहेत आणि उरलेल्या चार आकड्यांवर तीन-तीन, म्हणून एकूण ५,१८४ जुळण्या होतात. त्यांतून अर्थाचा शब्द शोधण्यासाठी शब्दांची यादी लागते.

चाफेकळी (न्यू जर्सी)

सात अक्षरे घेऊन आणि गोल चिन्हासाठी 6 दाबून लॅपटॉपवरून फोन लागला आणि योग्य कंपनीच आली. एक नवी शंका आहे. माझे वडील साताऱ्याला असतात आणि त्यांनाही याच कंपनीशी बोलायचे आहे. त्यांनी हाच नंबर फिरवला तर चालेल का?

दूरभाषी (डॅलस)

त्यांनी 1 ऐवजी +1 लावून हेच दहा आकडे फिरवले तर फोन लागेलच असे नाही, आणि लागला तरी तो फुकट असेल असे समजू नये. टोल-फ्री नंबरचा खर्च घेणारी कंपनी उचलते. तिने परदेशातून येणाऱ्या फोनची सोय घेतलेली नसेल तर फोन अडतो किंवा फिरवणाऱ्याला नेहमीचा आंतरराष्ट्रीय दर पडतो. कागदाच्या तळाशी पाहावे, परदेशातील ग्राहकांसाठी बहुतेक कंपन्या साधा, आकड्यांतला नंबर वेगळा देतात. सातारला अक्षरे बदलत बसण्यापेक्षा तोच वापरावा.

आणखी एक. वडिलांना नंबर सांगताना 800 आहे की 888 हे नीट पाहा. टोल-फ्री नंबर पुरेनात म्हणून १९९६ मध्ये 888 सुरू झाला आणि त्यानंतर 877, 866, 855, 844 आणि 833 आले. एकाच शब्दाचे सात आकडे प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या मालकाकडे असू शकतात. लोकांच्या तोंडात 800 बसलेला असल्यामुळे 888 चा ग्राहक पुष्कळदा 800 वाल्याकडे जातो. चुकून आलेल्या फोनवर बक्षिसाची किंवा सहलीची आमिषे दाखवणारीही मंडळी आहेत. पलीकडून कंपनीचे नाव स्पष्ट ऐकू येईपर्यंत कार्डाचा नंबर मुळीच सांगू नये.

खमंग_डोंबिवली

धागा वाचून मला एक कल्पना सुचली. आमचा चिवड्याचा छोटा उद्योग आहे आणि परगावचे ग्राहक फोनवर मागणी देतात. आम्ही CHIVDA शब्दाचा नंबर घ्यावा का? मोबाइलचे शेवटचे सहा आकडे तसे मिळाले तरी पुरे. ग्राहकांच्या तोंडी नंबर राहील असे वाटते.

दूरभाषी (डॅलस)

C 2, H 4, I 4, V 8, D 3, A 2, म्हणजे 244832. आता आपल्या दहा ग्राहकांना हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगून पाहा. अर्धे लोक CHIWDA लिहितील, आणि W 9 वर असल्यामुळे तो नंबर 244932 होईल. काही जण CHIVADA असे सात अक्षरांत लिहितील, त्याचे 2448232 होतात. म्हणजे एका शब्दाचे तीन नंबर झाले. अमेरिकेतही हाच घोळ झाला आहे. १९९० च्या दशकात एटी अँड टीने 1-800-OPERATOR हा नंबर गाजवला आणि स्पर्धक एमसीआयने OPERATER असे चुकीचे लिहिणाऱ्यांसाठी दुसरा नंबर घेऊन ठेवला. आठवे अक्षर मोजले जात नाही हे लक्षात घेतले तर फरक फक्त सातव्या आकड्याचा आहे, एकाचा 6 आणि दुसऱ्याचा 3, आणि तेवढ्याने फोन स्पर्धकाकडे जाई. इंग्रजी शब्दाला निदान एक मान्य वर्णलेखन असते. रोमन लिपीतील मराठी शब्दाला तेही नाही.

भारतातील नियमांचीही अडचण आहे. मोबाइल नंबर 6 ते 9 यांपैकीच एका आकड्याने सुरू होतो, म्हणून दहा अक्षरांचा पूर्ण शब्द घ्यायचा तर पहिले अक्षर M ते Z मधलेच असावे लागते. आपला C तेथे बसणार नाही, शेवटीच ठेवावा लागेल. 1800 च्या टोल-फ्री नंबरात पुढचे काही आकडे सेवा देणाऱ्या कंपनीच्या वाट्याचे असतात, तेव्हा शब्दासाठी बहुधा चारच जागा उरतात. POHE घेतला तर 7643, POHA लिहिला तर 7642.

खडूस_काका (पुणे)

आणि भारतात डायल पॅडवरची अक्षरे पाहून फोन लावणारा ग्राहक मला तरी भेटलेला नाही. लोक पिशवीवरचा नंबर पाहतात, फोनमध्ये 'चिवडावाले' असा साठवतात आणि पुढच्या वेळी नावावर बोट ठेवतात. शब्द त्यांच्या उपयोगाचा कुठे?

कोडे_सोडवा

काकांच्या मुद्द्याला जोड देतो. वेबसाइटवर फोनची लिंक लिहाल तेव्हा `tel:` नंतर आकडेच लिहावे लागतात, मानकाने तेथे अक्षरांना मुभा दिलेली नाही. व्हॉट्सॲपच्या `wa.me` लिंकमध्येही देशाचा कोड धरून आकडेच चालतात. शब्द पाटीवर शोभेल, पण त्याखाली आकडे छापल्याशिवाय ग्राहकाचा फोन येईल असे धरू नका.

खमंग_डोंबिवली

पिशवीवर शब्द आणि त्याखाली आकडे, असे दोन्ही छापता येईल. परंतु आमच्या जुन्या ग्राहकांच्या वह्यांत आजचा नंबर लिहिलेला आहे, तो सोडायला वडील तयार नाहीत. नवा नंबर जादा घ्यावा तर V चा घ्यावा की W चा, यावरच घरात दोन पक्ष पडले आहेत. मोठ्या बंधूंनी दुकानाच्या पाटीवर W छापला आहे आणि मी पावतीपुस्तकावर V.

दूरभाषी (डॅलस)

पाटी आणि पावतीपुस्तक यांवरील वर्णलेखन आधी एक करा. त्यानंतर दोन्ही नंबर मोकळे असतील तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्यावर वळवून ठेवा. एकच मिळत असेल, तर जो पाटीवर आहे तो घ्या, कारण ग्राहक पाटी पाहून शब्द लक्षात ठेवतो.

मीनल_केळकर

आणि त्यातला दुसरा नंबर डोंबिवलीतल्याच दुसऱ्या चिवडेवाल्याने आधी घेतलेला असेल तर? हॉलिडे इनचाच प्रकार झाला. भारतातील न्यायालय अशा वेळी काय म्हणेल, हे अनिकेत सांगू शकतील का?

अनिकेत_को (शिकागो)

भारतीय कायदा माझा विषय नाही, त्यामुळे अंदाज सांगत नाही. धाग्यावर भारतात वकिली करणारे कोणी असतील तर त्यांनी लिहावे.